आधी रीत, मग उत्तर: हुपरीच्या एका चिठ्ठीचं प्रकरण

कोल्हापूरच्या गुजरीतल्या एका चांदीच्या पेढीवर रोज संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पंचवीस-तीस चिठ्ठ्या येतात. पाठवणारे हुपरीचे आणि आसपासच्या गावांतले कारागीर. पेढी त्यांना शुद्ध चांदी, म्हणजे फाईन, देते आणि ते पैंजण घडवून आणून देतात. पैंजणात शुद्ध चांदी किती टक्के आहे तो टंच. घडवताना जी तूट जाते तिच्यासाठी ठरलेले टक्के म्हणजे वेस्टेज. पुडीच्या ग्रॉस वजनातून पिशवी वजा केली की नेट वजन येतं. त्याला टंच अधिक वेस्टेजच्या टक्क्यांनी गुणलं की तेवढं फाईन कारागिराच्या खात्यावर जमा होतं. मजुरीचा रोख हिशोब वेगळ्या वहीत जातो, तो इथे सोडतो.

मी राजारामपुरीत बसून अशा छोट्या पेढ्यांना, दुकानांना लागणारे प्रोग्रॅम लिहून देतो. या पेढीच्या मालकांना चिठ्ठी आली की बाकी आपोआप निघायला हवी होती. चिठ्ठ्या काही ठरलेल्या साच्यात नसतात, प्रत्येक कारागिराची लिहायची तऱ्हा निराळी. त्यामुळे नेहमीच्या प्रोग्रॅमला त्या वाचता येत नाहीत. म्हणून मी चिठ्ठी एका भाषा-मॉडेलकडे पाठवायची आणि त्याच्याकडून आकडे घ्यायचे असं ठरवलं. पुढे जे झालं ते एका चिठ्ठीवरून सांगतो. चिठ्ठी खरी आहे, आकडे मी बदललेत.

```text
काल फाईन 5 किलो घेतले. आज पैंजण 3 पुड्या जमा
2480 / 1965 / 3105, पिशवी 15 प्रत्येकी
टंच 62 वेस्टेज 7. तिसऱ्या पुडीचा टंच 65
मागची बाकी 340 आमच्याकडे
```

ज्याला हा धंदा माहीत आहे त्याला यात अवघड काही नाही. पण नीट पाहिलं तर चार-पाच गोष्टी एकमेकींवर उभ्या आहेत. पिशवी तिन्ही पुड्यांतून वजा करायची. टंच बदलतो तो फक्त तिसऱ्या पुडीचा, पण वेस्टेजचे ७ तिलाही लागू, हे कुठे लिहिलेलं नाही. मागची बाकी कोणाकडे, हे ‘आमच्याकडे’ या शब्दावर अवलंबून, आणि ‘आम्ही’ म्हणजे चिठ्ठी लिहिणारा. यातलं एक जरी चुकलं तरी शेवटचा आकडा चुकतो, आणि तो चुकलाय हे नुसतं बघून कळत नाही.

माझी पहिली मागणी साधी होती: चिठ्ठी वाच, एकूण फाईन आणि बाकी दे. आलेला एकूण फाईनचा आकडा होता ५२४३.८५. दिवाणजींनी कागदावर काढला होता ५२७१.१५. फरक २७.३० ग्रॅमचा. दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “आकडा कुठनं आला ते दाव की.”

मला दाखवता येईना. पिशवी विसरली असती तर ५३०२.६५ आला असता. तिन्ही पुड्यांना ६९ टक्के लावले असते तर ५१७८.४५. मी चुकीच्या सगळ्या वाटा चालून पाहिल्या, ५२४३.८५ ला एकही वाट जात नव्हती. तीच चिठ्ठी पुन्हा पाठवली तर आणखी वेगळा आकडा. माणसाच्या चुकीला बहुतेक वेळा काहीतरी कारण सापडतं, हातचा राहिला, ओळ गळली. इथे चूक अशी नव्हतीच. हा आकडा उत्तराच्या आसपासचा एक अंदाज होता, दोन दशांशांपर्यंत लिहिलेला, म्हणून हिशोबासारखा दिसणारा.

आता यावरचा प्रसिद्ध उपाय मला ठाऊक होता. २०२२ च्या मे महिन्यात टोकियो विद्यापीठ आणि गूगलमधल्या काही संशोधकांनी दाखवून दिलं होतं, की प्रश्नाच्या शेवटी नुसतं `Let's think step by step` एवढं वाक्य जोडलं तरी गणितातली उत्तरं सुधारतात. आकडेमोडीच्या एकाहून जास्त पायऱ्या लागणाऱ्या शाब्दिक उदाहरणांच्या एका संचावर त्यांनी वापरलेल्या मॉडेलची बरोबर उत्तरं १७.७ टक्क्यांवरून ७८.७ टक्क्यांवर गेली. एका वाक्याने. म्हणून मीही मागणीत एक ओळ घातली, ‘पायरीपायरीने विचार कर आणि रीतही दे’. प्रोग्रॅमला उत्तर ठरलेल्या खणांत लागतं, म्हणून रीतीसाठी एक नवीन खण वाढवला आणि हे आलं:

```json
{
  "total_fine": 5243.85,
  "balance": 96.15,
  "working": "1700.85 + 1345.50 + 2224.80 = 5243.85"
}
```

या शेवटच्या ओळीवर थांबा. तिन्ही पुड्यांचं फाईन अचूक आहे. पिशवी वजा झाली आहे, तिसऱ्या पुडीला ७२ टक्के लागले आहेत, गुणाकारही बरोबर. आणि बेरीज मात्र सरळसरळ खोटी. हे तीन आकडे मिळवले तर ५२७१.१५ होतात, पाचवीतला मुलगाही सांगेल. ज्याने तीन गुणाकार बरोबर केले त्याला तीन आकड्यांची बेरीज येऊ नये?

येत होती. पण त्याने उत्तर आधीच लिहून टाकलं होतं.

भाषा-मॉडेल मजकूर एकेक तुकडा करून लिहितं, या तुकड्याला टोकन म्हणतात. पुढचं टोकन कोणतं हे ठरवताना ते आधीचा सगळा मजकूर पाहतं: मी पाठवलेली चिठ्ठी, आणि त्याने स्वतः आत्तापर्यंत जे लिहिलंय तेही. प्रत्येक टोकनामागे होणारं गणन ठरलेलं असतं. मॉडेलमध्ये जितके थर असतील तितक्या थरांतून आकडे एकदा जातात आणि टोकन बाहेर पडतं. प्रश्न सोपा असो की अवघड, एका टोकनामागे थर तेवढेच. ‘थांब, हे जरा किचकट आहे’ म्हणून तिथे जास्त वेळ काढायची सोय त्यात नाही. आणि लिहिलेलं टोकन खोडताही येत नाही.

म्हणजे `total_fine` या शब्दापुढे पहिला अंक लिहायची वेळ आली तेव्हा मॉडेलला तीन वजाबाक्या, टंच-वेस्टेजच्या बेरजा, तीन गुणाकार आणि वर एक बेरीज एवढं सगळं त्या एका फेरीत उरकायचं होतं. ते उरकत नाही. साधारण ५ हजारांच्या वर काहीतरी येईल एवढा अदमास मात्र लागतो, म्हणून पहिले अंक जमतात आणि पुढचे भरकटतात. पण तेच मॉडेल आधी ‘2480 - 15 = 2465’ असं लिहितं तेव्हा २४६५ आता मजकुरात उतरलेला असतो. पुढच्या टोकनाला तो काढावा लागत नाही, नुसता वाचावा लागतो. एक मोठी उडी मारण्याऐवजी तीस-चाळीस छोटी पावलं होतात, आणि प्रत्येक पाऊल एका फेरीच्या आवाक्यातलं असतं. लिहिलेला मजकूर हाच त्याचा हिशोबाचा कागद. डोक्यात वेगळा कागद नाही. (मोठ्या मॉडेलला आतल्या आत दोन-चार पायऱ्या जमतात, नाही असं नाही. पण पायऱ्या वाढल्या की गाडी अडते.)

हे कळल्यावर माझ्या मागणीतला गाढवपणा दिसला. मी रीत मागितली खरी, पण तिचा खण उत्तराच्या खाली ठेवला. शाळेत आम्ही पाठ्यपुस्तकाच्या मागची उत्तरसूची पाहून वहीत रीत जुळवायचो, तसंच झालं. `working` लिहायची वेळ आली तेव्हा वर ५२४३.८५ लिहून झालं होतं. मजकूर सुसंगत ठेवायचा तर बरोबर चिन्हापुढे तोच आकडा यायला हवा. तो आला.

ही गोष्ट काही माझा शोध नाही. साखळीने विचार करायला लावायच्या या पद्धतीवरचा मूळ निबंध जेसन वेई आणि गूगलमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा, जानेवारी २०२२ चा. लोक त्यातला मोठा आकडा सांगतात: शालेय गणिताच्या जीएसएम८के या संचावर ५४,००० कोटी पॅरामीटर्स, म्हणजे शिकताना ठरलेले आतले आकडे, असलेल्या गूगलच्या पाम मॉडेलची बरोबर उत्तरं १७.९ टक्क्यांवरून ५६.९ टक्क्यांवर गेली, मॉडेलला नव्याने काही न शिकवता, फक्त रीतीसकट सोडवलेली आठ उदाहरणं प्रश्नाच्या आधी ठेवून. पण त्याच निबंधात लेखकांनी स्वतःच्याच पद्धतीची मोडतोड करून पाहिली आहे आणि मला तो भाग जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी एका प्रयोगात रीत उत्तराच्या नंतर लिहायला लावली. फायदा जवळजवळ नाहीसा झाला, रीत न लिहिण्याइतकाच निकाल. दुसऱ्या प्रयोगात मॉडेलकडून रीतीच्या जागी नुसती टिंबं लिहून घेतली. जास्त टोकनं मिळाली म्हणजे जास्त गणन झालं, एवढ्यानेच भागतं का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यानेही भागलं नाही. म्हणजे जागा नुसती वाढवून उपयोग नाही, त्या जागेत मधले आकडे उतरायला हवेत, आणि तेही उत्तराच्या आधी.

मी मागणी पुन्हा लिहिली.

```text
प्रत्येक पुडीसाठी एक ओळ लिही:
ग्रॉस - पिशवी = नेट; टंच + वेस्टेज = टक्के; फाईन
मग जमा = सगळ्या फाईनची बेरीज
मग नावे = कारागिराकडे मागचं येणं + आता दिलेलं फाईन
शेवटी बाकी = नावे - जमा
या ओळी लिहून झाल्याशिवाय बाकीचा आकडा लिहू नकोस
```

आणि आलं ते असं:

```text
पुडी 1: 2480 - 15 = 2465; 62 + 7 = 69; फाईन 1700.85
पुडी 2: 1965 - 15 = 1950; 62 + 7 = 69; फाईन 1345.50
पुडी 3: 3105 - 15 = 3090; 65 + 7 = 72; फाईन 2224.80
जमा: 5271.15
नावे: 340 + 5000 = 5340
बाकी: 68.85
```

कारागिराकडे ६८.८५ ग्रॅम फाईन येणं. दिवाणजींच्या कागदावरही तेच. त्यांनी फोनवरच बोट ठेवून एकेक ओळ तपासली आणि म्हणाले, “आता हिशोब झाला. मगाशी नुसताच आकडा हुता.”

मॉडेल तेच, चिठ्ठी तीच. बदल फक्त लिहिण्याच्या क्रमात. एका चिठ्ठीवर विसंबू नये म्हणून दिवाणजींनी तपासलेल्या तीस जुन्या चिठ्ठ्या घेतल्या. उत्तर आधी लिहायला लावलं तेव्हा अकरा जुळल्या होत्या, रीत आधी लिहायला लावल्यावर पंचवीस. तीस म्हणजे काही मोठा नमुना नाही, पण पेढीवर निर्णय घ्यायला पुरेसा होता. आणि खरं सांगायचं तर मला जास्त शिकवलं ते उरलेल्या पाच चिठ्ठ्यांनी.

दोन ठिकाणी गुणाकार चुकला होता. रीत बरोबर, टक्के बरोबर, पण चार अंकी नेटचा गुणाकार एका दमात लिहिताना एखादा अंक घसरलेला. हेही वरच्याच तर्काने समजतं: मी ‘फाईन’ असं एकच पाऊल ठेवलं होतं आणि ते पाऊलच मोठं होतं. यावर दोन उपाय होते. गुणाकार आणखी फोडून लिहायला लावायचा, ७० टक्के काढून १ टक्का वजा, असं. किंवा तीच चिठ्ठी पाच-सात वेळा सोडवून घ्यायची आणि जो आकडा जास्त वेळा येईल तो धरायचा. ही दुसरी पद्धतही २०२२ मध्येच गूगलच्याच गटाने मांडली. तिच्यामागचा विचार सरळ आहे. बरोबर उत्तराकडे वेगवेगळ्या वाटांनी पोचता येतं, पण चुकणारे वेगवेगळ्या जागी चुकतात, त्यामुळे चुकीच्या आकड्यांची मतं फुटतात. शालेय गणितावर तिचा मोठा फायदा दिसला आहे. आम्ही दोन्ही केलं नाही. गुणाकार-बेरजेसाठी प्रोग्रॅम असताना मॉडेलला पाच वेळा राबवणं म्हणजे वजनकाटा बाजूला ठेवून पाच जणांना हाताने अंदाज करायला सांगण्यासारखं. मॉडेलने कुठल्या पुडीला किती टंच लागतो, पिशवी किती, बाकी कोणाकडे, एवढंच ठरवायचं, आकडेमोड प्रोग्रॅम करेल, अशी वाटणी केली.

पुढच्या दोन चिठ्ठ्यांत मागची बाकी उलटी धरली गेली होती. ‘आमच्याकडे’ म्हणजे पेढीकडे, असं मॉडेलने वाचलं. वरच्या चिठ्ठीत तसं झालं असतं तर कारागिराकडे ६८.८५ येणं निघण्याऐवजी पेढीकडूनच त्याला ६११.१५ देणं निघालं असतं. ही चूक हिशोबाची नाही, समजुतीची आहे, आणि कितीही पायऱ्या लिहिल्या तरी ती सुधारत नाही, कारण जी माहिती मजकुरातच नाही ती पायऱ्यांतून उगवत नाही. पायऱ्यांचा उपयोग इथे वेगळा झाला. नुसता आकडा असता तर कुठे चुकलं हे शोधायला पुन्हा अर्धा दिवस गेला असता. ‘नावे’च्या ओळीत बाकी वजा झालेली दिसली आणि दोन मिनिटांत कळलं. तेव्हा मागणीच्या सुरुवातीला सोडवलेली एक नमुना-चिठ्ठी ठेवली, तिच्यात ‘आमच्याकडे, म्हणजे चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे, म्हणून कारागिराला नावे’ अशी ओळ घातली. नुसतं ‘पायरीपायरीने विचार कर’ म्हणणं आणि रीतीसकट सोडवलेलं उदाहरण समोर ठेवणं यांत हा फरक आहे. पहिल्याने मॉडेल विचार लिहितं, दुसऱ्याने ते आपल्या धंद्याच्या पद्धतीने लिहितं.

पाचवी चिठ्ठी सगळ्यांत वाईट होती. ती थोडी सविस्तर सांगतो. कारागिराने दोन पुड्या दिल्या होत्या, १८२० आणि २२४०, पिशवी १५ प्रत्येकी, टंच ६४, वेस्टेज ६. आणि खाली स्वतःच बेरीज मारून लिहिलं होतं, ‘फाईन जमा २८४२’. त्याच्याकडून पिशवी वजा करायची राहिली होती. घाईत होतं असं, त्यात लबाडी काही नाही. नेट धरलं तर ४०३० ग्रॅमचे ७० टक्के, म्हणजे २८२१ व्हायला हवेत. २१ ग्रॅमचा फरक. मॉडेलने मात्र ओळी लिहिताना पुडीपुढे सरळ ‘नेट 1820’ आणि ‘नेट 2240’ असं लिहिलं, बेरीज ४०६०, फाईन २८४२, आणि वर ‘चिठ्ठीतल्या आकड्याशी जुळतं’ अशी पुस्ती जोडली. तीच पिशवी बाकीच्या चिठ्ठ्यांत न चुकता वजा केली होती. इथे खालचा आकडा आधीच समोर होता आणि रीत त्याच्याकडे वळली. ओळी इतक्या स्वच्छ होत्या की मी त्यावरून नजर फिरवून पुढे गेलो होतो. दिवाणजींच्या वहीतला २८२१ नसता तर सापडलंच नसतं.

माईल्स टर्पिन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये नेमकं हेच दाखवलं आहे. त्यांनी मॉडेलपुढे नमुना म्हणून ठेवलेल्या प्रश्नांत बरोबर पर्याय नेहमी (अ) येईल अशी मांडणी केली. मॉडेल नव्या प्रश्नातही (अ) कडे झुकायला लागलं, आणि लिहिलेल्या कारणांत मात्र ‘आधीची सगळी उत्तरं अ होती’ असा शब्दही नव्हता. त्याऐवजी पटण्यासारखं दुसरंच काही. म्हणजे लिहिलेली साखळी उत्तराला मदत करते हे खरं, पण आत जे घडलं त्याची ती प्रामाणिक नोंद असेलच असं नाही. कुठे पायऱ्यांतून उत्तर निघतं, कुठे उत्तराभोवती पायऱ्या रचल्या जातात. दोन्ही वाचायला सारख्याच दिसतात.

आमच्यापुरता उपाय साधा निघाला. कारागिराने स्वतः मारलेली बेरीज मॉडेलकडे जाण्याआधी चिठ्ठीतून काढून टाकायची, आणि आपला आकडा आल्यावर प्रोग्रॅमने दोन्ही ताडून पाहायचे. जुळले नाहीत तर ती चिठ्ठी दिवाणजींकडे. उत्तरसूचीच फाडून ठेवली म्हणा.

मालकांना मध्यंतरी वाटलं, हे सगळं पेढीच्याच कॉम्प्युटरवर एखाद्या लहान मॉडेलवर चालवावं, पैसे वाचतील. करून पाहिलं. लहान मॉडेलने ओळी लिहिल्या, अगदी याच साच्यात, फक्त त्या ओळींत अर्थ नव्हता. टंचातून पिशवी वजा केलेली, तिसऱ्या पुडीला पहिल्या पुडीचं वजन. वेई यांच्या निबंधातही हे आहे: त्यांच्या वेळच्या मॉडेलांत साखळीचा फायदा साधारण १०,००० कोटी पॅरामीटर्सच्या पुढेच दिसायला लागला. त्याखालची मॉडेलं सराईत भाषेत चुकीची रीत लिहीत, आणि काही वेळा रीत न लिहिता जास्त बरोबर येत. तेव्हापासून लहान मॉडेलं बरीच सुधारली आहेत, त्यामुळे तो आकडा आज जसाच्या तसा धरू नये. आमच्या चिठ्ठ्यांसाठी मात्र ते लहान मॉडेल पुरं पडलं नाही.

उलट टोकाला ओपनएआयचं सप्टेंबर २०२४ मधलं ओ१ आणि त्यानंतर आलेली तशी मॉडेलं. उत्तराआधी लांबलचक विचार लिहायची सवय त्यांना शिकवतानाच लावलेली असते, त्यामुळे ‘पायरीपायरीने’ म्हणायची गरज सहसा उरत नाही. तसल्या एका मॉडेलवर माझी पहिली, खुळी मागणीही चालली, कारण खण भरायला घेण्याआधी त्याचा विचार करून झालेला असतो. पण एका चिठ्ठीला लागणारा वेळ आणि टोकनांचं बिल दोन्ही वाढलं. तीस चिठ्ठ्यांपैकी निम्म्या एका पुडीच्या, बाकी नसलेल्या असतात, त्यांच्यावर तो खर्च कशाला? चिठ्ठीतून तारीख आणि कारागिराचं नाव काढायलाही मी आधी पायऱ्या लिहायला लावत होतो. त्याचा काडीचा फायदा नव्हता. गणित आणि नियम लावायची कामं सोडली तर या पद्धतीचा फायदा फार थोडा असतो. नाव वाचायला रीत लागत नाही.

शेवटी जे बसवलं त्यात प्रत्येक चिठ्ठीसाठी चार खण होते: आधी `reet`, म्हणजे मॉडेलने एकेका पुडीबद्दल आणि बाकीबद्दल लिहायचा विचार, मग `tanch`, `bag` आणि `baki_dir`. आकडेमोड प्रोग्रॅमची. दोन महिने बिनबोभाट चाललं आणि मग एका सोमवारी दिवाणजींचा फोन आला, “अहो, पिशवी पुन्हा गेली बघा.”

बघतो तर खरंच. काही चिठ्ठ्यांत पिशवीचं वजन चुकत होतं, काहींत बाकीची दिशा उलटी. गंमत म्हणजे टंच एकाही ठिकाणी चुकलेला नव्हता. मॉडेल बदललेलं नव्हतं, मागणीचा शब्दही नाही. मी दोन तास मागणीच वाचत बसलो. मग टंच का वाचला, असा प्रश्न स्वतःला विचारला आणि उत्तरांतल्या खणांचा क्रम पाहिला: `bag`, `baki_dir`, `reet`, `tanch`. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलाने प्रोग्रॅम नीटनेटका करताना खणांची नावं वर्णानुक्रमाने लावली होती, आणि मॉडेल खण त्याच क्रमाने भरत होतं. जे दोन खण रीतीच्या वर गेले ते चुकायला लागले, जो खाली राहिला तो वाचला. मुलाला काय बोलणार, टिपण ठेवायला मीच विसरलो होतो. आता खणांची नावं `1_reet`, `2_bag`, `3_tanch`, `4_baki_dir` अशी आहेत, कोणीही कशीही लावली तरी रीत वरच राहते.